हातात स्क्रीनशॉट आणि जुना बायोडाटा: कव्हर लेटर लिहून देण्याची सेवा



झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म असं छोटं सेंटर ज्यांनी सुरू केलंय किंवा करायचंय, त्यांच्यासाठी आजचा धडा आहे. व्हिडिओत कामाचे टप्पे दाखवलेत. इथे एक पूर्ण उदाहरण सोडवू, म्हणजे हे पान समोर ठेवून तुम्हाला काम करता येईल.

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, कुठल्याही स्टेशनबाहेरच्या सेंटरवर ही गिऱ्हाइकं येतात. मोबाइलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट असतो, जीमेलमध्ये कधीतरी अपलोड केलेला जुना बायोडाटा असतो आणि वाक्य ठरलेलं असतं, "दादा, यावरून एक कव्हर लेटर बनवून द्या ना."

बहुतेक सेंटरवाले नेटवरचा तयार मजकूर उचलतात, नाव बदलतात आणि प्रिंट देतात. ते पत्र कुणाचंही असू शकतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. दुसरी चूक याहून महाग पडते. जाहिरातीत जे जे मागितलंय ते सगळं "मला येतं" म्हणून लिहून टाकायचं. मुलाखतीत पाच मिनिटांत ते उघडं पडतं, आणि मान खाली जाते ती गिऱ्हाइकाची.

आपलं खरं काम आहे स्क्रीनशॉट आणि बायोडाटा यांच्यामधली जागा भरण्याचं. ती जागा प्रश्न विचारून भरायची, अंदाजाने नाही.

उदाहरण घेऊ

हे शिकण्यासाठी रचलेलं उदाहरण आहे. मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या एक ताई आल्यात. स्क्रीनशॉटमधली जाहिरात अशी:

अकाउंट्स असिस्टंट पाहिजे, मरोळ, अंधेरी पूर्व. किमान ३ वर्षांचा अनुभव. टॅलीप्राइम, जीएसटी रिटर्नचं काम, बँक ताळमेळ, ई-वे बिलाची माहिती आवश्यक. लगेच रुजू होणाऱ्यांना प्राधान्य. अपेक्षित पगार कळवा. ईमेलच्या विषयात `ACC-ASST-MAROL` लिहा.

बायोडाटा २०१६ सालचा. बी.कॉम., भांडुपच्या एका ट्रेडिंग कंपनीत २०१२ ते २०१६ अकाउंट्सचं काम, टॅली ईआरपी ९, व्हॅट, सर्व्हिस टॅक्स. त्यापुढे काहीच नाही.

पायरी १: स्क्रीनशॉट नीट वाचा

स्क्रीनशॉटमध्ये बऱ्याचदा वरचा किंवा खालचा भाग कापलेला असतो, आणि कंपनीचं नाव किंवा शेवटची तारीख नेमकी तिथेच असते. म्हणून आधी विचारा, "ताई, मूळ मेसेज आहे का? तोच फॉरवर्ड करा." मूळ मेसेजमधून ईमेल पत्ता कॉपी करता येतो, टाइप करावा लागत नाही.

मूळ मेसेज नसेल तर पत्ता मोठा करून अक्षर न् अक्षर वाचा. लिंकखाली निळी रेघ असते आणि तिच्यात अंडरस्कोअर लपून जातो. `hr_marol` असेल तर नुसत्या नजरेला `hr marol` दिसतं. `l` आणि `1`, `O` आणि `0`, `rn` आणि `m` यांतही गफलत होते. पत्ता चुकला तर उत्तम पत्रही कुणापर्यंत पोहोचत नाही.

जाहिरात किती जुनी आहे तेही बघा. अँड्रॉइड फोनवर काढलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलच्या नावात सहसा तारीख असते. गॅलरीत 'तपशील' उघडलं की दिसते. स्क्रीनशॉट दुसऱ्याने पाठवला असेल तर ती तारीख भरवशाची नाही, अशा वेळी मेसेज कधी आला ते विचारा.

आणि जाहिरातीत नोंदणी फी, डिपॉझिट, युनिफॉर्मचे पैसे असं काही मागितलं असेल, तर पत्र लिहू नका, ताईंना थांबवा. पैसे आधीच गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायला सांगा. एका पत्राचे पैसे बुडतील, पण ते गिऱ्हाईक तुमचं सेंटर विसरणार नाही.

पायरी २: बायोडाटा कुठे थांबलाय ते शोधा

जुना बायोडाटा म्हणजे नुसती जुनी तारीख नाही. त्यातले शब्दही जुने झालेले असतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि व्हॅट, सर्व्हिस टॅक्स हे शब्द अकाउंट्सच्या रोजच्या कामातून जवळजवळ गेले. टॅलीप्राइम आलं २०२० मध्ये. म्हणजे नुसत्या बायोडाट्यावरून पत्र लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, या बाईंनी जीएसटी पाहिलेलाच नाही.

इथे मोह होतो 'व्हॅट' खोडून 'जीएसटी' लिहायचा. ते करू नका. आधी विचारा.

मोबाइल नंबर, पत्ता आणि ईमेल आजचे आहेत का तेही इथेच तपासा. बायोडाट्यात आधार किंवा पॅन नंबर टाकलेला असेल तर ताईंना सांगून काढून टाका. अर्जाच्या टप्प्यावर त्याची गरज नसते.

पायरी ३: कोऱ्या कागदावर तीन रकाने

पहिल्यात जाहिरातीची मागणी, दुसऱ्यात बायोडाट्यात काय आहे, तिसऱ्यात विचारल्यावर काय कळलं. तिसरा रकाना भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि खरी किंमत याच कामाची आहे.

"२०१६ नंतर काय केलंत, ताई?"
"काही नाही हो, घरीच होते. मुलगी लहान होती."
"अजिबात काहीच नाही? कुणाचे हिशेब, बिलं?"
"हां, दिरांचं मेडिकल आहे ना, त्याचं टॅली मीच बघते. २०१९ पासून. पण ती काय नोकरी नाही."

सापडलं! पण इथे थांबू नका, नेमकं काय करता ते विचारा. खरेदी-विक्रीच्या नोंदी कोण करतं? त्याच. कुठल्या टॅलीवर? आधी ईआरपी ९, आता प्राइम. बँक ताळमेळ? दर महिन्याला त्याच करतात. जीएसटी रिटर्न? आकडे त्या काढून देतात, भरतात ते कर सल्लागार. ई-वे बिल? कधी बनवलेलं नाही. रुजू कधी होणार? पंधरा दिवसांत. मरोळला जाणार कसं? मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका.

प्रवासाचा प्रश्न मुंबईत विचारायचाच. माणूस रोज वेळेवर पोहोचेल का, ही इथल्या मालकाची पहिली शंका असते. अनेक जाहिरातींत तर 'वेस्टर्न लाइन' किंवा 'सेंट्रल लाइन' असं सरळ लिहिलेलं असतं.

पायरी ४: क्रियापद खरं ठेवा

पत्रात खोटेपणा शिरतो तो बहुतेक वेळा क्रियापदातून. "मी जीएसटी रिटर्न भरते" आणि "मी रिटर्नसाठी आकडेवारी तयार करून देते" यांत दोन-चार शब्दांचा फरक आहे, पण पहिलं वाक्य लिहिलं की मुलाखतीत प्रश्न येणार, "पोर्टलवर चलन कसं बनवता?" आणि ताई गप्प होणार. दुसरं वाक्य लिहिलं तर प्रश्न येईल त्याच कामाचा, जे त्या दर महिन्याला करतात.

तसंच दिरांच्या दुकानाला 'नोकरी' म्हणू नका, पगाराची स्लिप मागितली तर नाही. "हिशेब सांभाळते" हे खरंही आहे आणि पुरेसंही. दुकान घरच्यांचं आहे हे मुलाखतीत विचारलं तर सरळ सांगायला सांगा.

पायरी ५: पत्र

जाहिरात इंग्रजीत असेल तर पत्रही इंग्रजीत द्या. इथे रचना कळावी म्हणून मराठीत लिहितोय.

> विषय: `ACC-ASST-MAROL`
>
> महोदय,
>
> आपल्या मरोळ कार्यालयातील अकाउंट्स असिस्टंट या जागेसाठी मी अर्ज करत आहे.
>
> २०१९ पासून मी मुलुंडमधील एका औषध दुकानाचे हिशेब सांभाळते, आधी टॅली ईआरपी ९ वर आणि आता टॅलीप्राइमवर. खरेदी-विक्रीच्या नोंदी व दरमहा बँक ताळमेळ मी स्वतः करते. जीएसटीआर-१ आणि ३बी साठीची आकडेवारी तयार करून कर सल्लागारांना देते. त्याआधी २०१२ ते २०१६ मी भांडुप येथील ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स विभागात काम केले. मधली तीन वर्षे घरच्या जबाबदारीमुळे मी काम करत नव्हते.
>
> ई-वे बिल मी अद्याप स्वतः तयार केलेले नाही, परंतु विक्री बिलांचे काम रोजचे असल्याने ते शिकून घेण्याची तयारी आहे.
>
> मी मुलुंड पूर्वेला राहते. घाटकोपरमार्गे मेट्रोने मरोळ नाक्याला येणे सोयीचे आहे. १५ दिवसांत रुजू होऊ शकते. अपेक्षित मासिक पगार: ______
>
> आपली विश्वासू,

पगाराची जागा रिकामी का ठेवली? कारण तो आकडा ताईंनीच सांगायचा, तुम्ही सुचवायचा नाही. पण जाहिरातीत मागितलाय, तर तो भरल्याशिवाय पत्र पाठवू नका.

ई-वे बिलाची ओळ कशाला, असं काही जण म्हणतील. जाहिरातीत 'आवश्यक' म्हटलंय म्हणून. तिथे 'असल्यास उत्तम' असतं तर मी ती ओळ गाळली असती आणि ताईंना फक्त तोंडी उत्तर तयार ठेवायला सांगितलं असतं. हे पत्र सगळ्या अटी पूर्ण करत नाही. ई-वे बिल येणारा दुसरा उमेदवार असेल तर कंपनी त्याला बोलावेल, हे ताईंनाही सांगून ठेवा.

पाठवण्याआधी

पत्र ताईंना मोठ्याने वाचायला सांगा. ज्या वाक्याला त्या अडखळतील किंवा "हे काय आहे?" म्हणतील, ते वाक्य त्यांचं नाही, बदला. बायोडाट्यातही २०१९ पासूनचं काम घाला, नाहीतर पत्र एक बोलेल आणि बायोडाटा दुसरं. मेल त्यांच्याच ईमेलवरून पाठवा, तुमच्या सेंटरच्या नाही. आणि तुमच्या कॉम्प्युटरवरून त्यांचं जीमेल लॉगआउट करा.

पैसे कसे लावायचे?

हे काम साधारण पाऊण तासाचं आहे. पानाच्या टायपिंग दराने विकलंत तर तोटाच. पहिल्या वेळी बायोडाटा दुरुस्ती आणि पत्र असे दोन वेगळे दर सांगा, काम सुरू करण्याआधी. तीन रकान्यांचा कागद ताईंना सोबत द्या आणि फाइल ठेवायची की डिलीट करायची ते त्यांना विचारा. ठेवली तर पुढच्या जाहिरातीसाठी फक्त पहिला रकाना बदलतो, पंधरा मिनिटांत नवं पत्र होतं. म्हणून दुसऱ्या पत्राचा दर कमी ठेवा.

गृहपाठ: या आठवड्यात घरातल्या किंवा ओळखीच्या कुणाचा तरी जुना बायोडाटा आणि एक खरी जाहिरात घ्या. पत्र लिहू नका, फक्त तिसरा रकाना भरा. बायोडाट्यात नसलेल्या किती गोष्टी निघतात ते मोजा. पुढच्या भागात याच सेवेचं दरपत्रक कसं बनवायचं ते बघू.