ध्वनिमुद्रणावरून गुणपत्रक

शिष्यवृत्तीच्या मुलाखती ऐकून प्रत्येक उमेदवाराचे गुण आणि शेरे तयार करायचे असतील, तर मोजणीचे एकक प्रश्न हवे, उमेदवार नव्हे. अख्खी मुलाखत ऐकून मग सगळ्या निकषांचे गुण एकदम भरले की ते सारे एकमेकांच्या आसपास पडतात. पहिल्या उत्तरात आवडलेला मुलगा शेवटच्या निकषातही हुशार ठरतो. एडवर्ड थॉर्नडाइक यांना 1920 साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेल्या गुणांत हेच आढळले होते. एका गुणाची छाप बाकीच्यांवर पडण्याला त्यांनी ‘हेलो’ म्हटले. म्हणून आधी सर्व उमेदवारांचा पहिला प्रश्न ऐकावा, मग सर्वांचा दुसरा, आणि दर फेरीत उमेदवारांचा क्रम बदलावा. काम कंटाळवाणे होते, पण गुण तुलना करण्याजोगे होतात.

प्रत्येक उत्तरासाठी आधी वेळ लिहावी, मग उमेदवार काय म्हणाला ते, मग परीक्षकांनी काय पुरवले ते, आणि सर्वांत शेवटी गुण. परीक्षकांचा रकाना बहुतेक ठिकाणी नसतोच, आणि घोटाळा तिथेच होतो.

बारावीनंतरच्या शिक्षणासाठी मदत देणाऱ्या एका संस्थेतले उदाहरण घेता येईल. निकष होता ‘अडचणीतून वाट काढणे’, गुण पाचपैकी. नुसती अडचण सांगितली तर 1, स्वतः केलेली एखादी गोष्ट आणि तिचा परिणाम सांगितला तर 3, हाच मार्ग का निवडला तेही सांगितले तर 5, असे ठरले होते. अधलेमधले उत्तर 2 किंवा 4. एका मुलाने वडिलांच्या आजारपणात किराणा दुकान सांभाळल्याचे खणखणीत आवाजात सांगितले. पुढचे सगळे परीक्षकांच्या तोंडून आले: “मग पहाटे उठून अभ्यास केला असशील?” “हो.” “शिकवणीही सोडावी लागली असेल?” “हो सर.” कागदावर शेरा पडला ‘आत्मविश्वासू, परिपक्व’ आणि गुण 4. एका मुलीच्या गावची सकाळची एसटी बंद झाली होती. तिने अडखळत सांगितले, की सरपंचांकडे जाऊन उपयोग नव्हता, कारण गाडीचा निर्णय आगारात होतो. म्हणून पासधारक मुलींच्या सह्या घेऊन ती आगार व्यवस्थापकांकडे गेली आणि गाडी सुरू होईपर्यंत सगळ्यांनी मिळून रिक्षा ठरवली. तिचा शेरा ‘बुजरी’, गुण 2. ध्वनिमुद्रणावरून रकाने भरल्यावर मुलाच्या स्वतःच्या वाट्याला दुकान सांभाळण्याएवढेच उरले, म्हणजे 2, मुलीला 5. ‘बुजरी’ हा शेरा खोटा नव्हता, पण तो या निकषाचा नव्हता.

यावरून शेऱ्याची कसोटी मिळते: शेरा वाचून तिसऱ्या माणसाला ध्वनिमुद्रणातली जागा सापडली पाहिजे. ‘चुणचुणीत’ किंवा ‘होतकरू’ या शब्दांना अशी जागा नसते.

प्रश्न विचारलाच गेला नसेल तर ‘विचारले नाही’ असे लिहावे, शून्य लिहू नये. वेळ संपल्यामुळे हुकलेल्या प्रश्नाची शिक्षा उमेदवाराला होऊ नये. सरासरी विचारलेल्या निकषांचीच काढावी, आणि महत्त्वाचा निकषच राहिला असेल तर तोच प्रश्न फोनवर विचारावा. आवाज गेला असेल तिथे ‘ऐकू येत नाही’ एवढेच लिहावे. संदर्भावरून भरलेले वाक्य पुढे उमेदवाराचे म्हणूनच वाचले जाते.

मूळ परीक्षकांचे गुणही विचारात घ्यायचे असतील, आणि मंडळे दोन असतील, तर सढळ आणि कंजूष हातांचा प्रश्न येतो. समजा पहिल्या मंडळाची सरासरी 20 पैकी 14 आणि प्रमाण विचलन 2 आहे. दुसऱ्याची सरासरी 11 आणि विचलन 3. पहिल्याकडे 16 मिळवणारा सरासरीच्या एक विचलन वर आहे, तर दुसऱ्याकडे 15 मिळवणारी 1.33 विचलने वर, म्हणजे तीच पुढे. मात्र उमेदवार चिठ्ठ्या टाकून वाटले असतील तरच हे गणित न्याय्य ठरते. एका मंडळाकडे शहरातली आणि दुसऱ्याकडे तालुक्याची मुले गेली असतील, तर दोन सरासऱ्यांतला फरक परीक्षकांच्या हाताचा की मुलांच्या तयारीचा, हे आकडा सांगत नाही. मंडळामागे पाच-सहाच उमेदवार असतील तर विचलनावर विसंबूच नये. तेव्हा दोन्ही मंडळांची काही ध्वनिमुद्रणे एकाच जोडीने, एकमेकांचे गुण न पाहता ऐकावीत. एका गुणाचा फरक सरासरीत मिटतो. दोन किंवा अधिकचा असेल तर नोंदवलेल्या वेळेवर जाऊन तेवढे उत्तर दोघांनी पुन्हा ऐकावे. असे फरक एकाच निकषात वारंवार येऊ लागले, तर 1, 3 आणि 5 ची वर्णने नव्याने लिहून त्या निकषाचे सगळे गुण पुन्हा द्यावे लागतात.