संमतीपत्राचा मराठी अनुवाद: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

नव्या औषधाच्या अभ्यासात माणसं घ्यायची, तर त्यांना कळेल अशा भाषेत माहिती देऊन लेखी संमती घ्यावी लागते. २०१९च्या औषध चाचणी नियमांनी हे बंधनकारक केलं आहे. म्हणून संशोधक एजन्सीकडे जातो, आणि एजन्सी तीन गोष्टींचा दर सांगते: मराठी अनुवाद, त्या मराठीचा दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजी अनुवाद, आणि प्रमाणपत्र. या तिन्ही मिळाल्या तरी रुग्णाला कागद कळेल याची खात्री होत नाही.

आमच्याकडे मधुमेहाच्या औषधाच्या अभ्यासाचं संमतीपत्र असंच तयार होऊन आलं होतं. त्यात एक वाक्य होतं: ‘आपणास दोनपैकी एका गटात यादृच्छिक पद्धतीने नियुक्त करण्यात येईल.’ सातवीपर्यंत शिकलेल्या एका बाईंना ते वाचायला दिलं आणि विचारलं, “हे तुमच्या शेजारणीला कसं सांगाल?” त्या म्हणाल्या, “दोन गट आहेत. आपल्या इच्छेनं कुठल्याही गटात जायचं.” त्यांनी ‘यादृच्छिक’चं ‘ऐच्छिक’ वाचलं होतं. अर्थ बरोबर उलटा झाला. शीर्षकातल्या ‘चाचणी’वरून त्यांना वाटलं होतं की रक्त तपासणार आहेत.

इंग्रजीत परत नेलेलं हे वाक्य मात्र मुळाशी शब्दन् शब्द जुळत होतं. जुळणारच. संस्कृत प्रतिशब्द जितका काटेकोर, तितका परतीचा अनुवाद देखणा. परतीच्या अनुवादातून गाळलेलं वाक्य, चुकलेला डोस, उलटलेला नकार सापडतो, म्हणून तो हवाच. पण वाचणाऱ्याला काय कळलं, हे त्यातून कधीच दिसत नाही. ते पाहायला माणसंच बसवावी लागतात आणि त्याचे पैसे वेगळे धरावे लागतात.

हिशेब करून पाहू. दर शहराप्रमाणे, अनुवादकाप्रमाणे बदलतात, म्हणून इथले आकडे नमुन्यादाखल घ्या. मूळ इंग्रजी ४,००० शब्दांचं आहे आणि दर शब्दाला ३ रुपये आहे, तर अनुवादाचे १२,००० होतात. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्द कमी भरतात; ते ३,२०० धरले तर परतीच्या अनुवादाचे ९,६००. दर मूळ शब्दांवर की अनुवादित शब्दांवर, हे आधीच लिहून घ्या. प्रमाणपत्राचे वेगळे न धरता इथवर २१,६०० झाले, आणि बहुतेक कोटेशनं इथेच थांबतात.

आता वाचून घेण्याचा खर्च. सहा जण बोलवा: ओपीडीत रुग्णासोबत आलेले, कमी शिकलेले, रुग्णालयात नोकरी नसलेले. प्रवास आणि बुडालेला वेळ धरून प्रत्येकी ५०० द्या. मजकूर दुरुस्त झाल्यावर नवे सहा जण बोलवा, कारण पहिल्यांना उत्तरं आता ठाऊक असतात. हे ६,००० झाले. बोलतं करणाऱ्या समाजसेविकेचे दोन दिवसांचे ३,००० आणि अनुवादकाच्या दुरुस्तीचे २,००० धरा. एकूण ३२,६००, म्हणजे ११,००० जास्त.

“समजलं का?” असं कधी विचारू नका. दवाखान्यात या प्रश्नाला सगळे “हो” म्हणतात. विचारा, “मध्येच सोडावंसं वाटलं तर काय कराल? गोळीनं त्रास झाला तर कुणाला फोन लावाल? त्या उपचाराचे पैसे कोण देईल?” उत्तर अडलं की त्या परिच्छेदावर खूण करा. दोघंतिघं एकाच जागी अडले तर दोष वाक्याचा आहे.

आमचं ते वाक्य शेवटी असं झालं: ‘नवं औषध कुणाला आणि औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी कुणाला, हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवेल. डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हीही नाही.’ यावर पुरस्कर्त्या कंपनीनं शंका काढली, कारण इंग्रजीत ‘चिठ्ठी’ परत आली. अशा प्रत्येक जागेसाठी दोन ओळींचं स्पष्टीकरण अनुवादकाकडून घ्या आणि नैतिकता समितीकडे पाठवताना सोबत जोडा. ते काम मूळ दरातच करण्याचं आधी ठरवा.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांना निःपक्ष साक्षीदारासमोर हा कागद वाचून दाखवायचा असतो. म्हणून दुसऱ्या फेरीत निदान दोघांना तो नुसता ऐकवा. डोळ्यांना चालणारं लांब वाक्य कानाला चालत नाही.

इंग्रजी मसुदा कायम होण्याआधी अनुवादाला देऊ नका. नंतर इंग्रजीत एक ओळ बदलली तरी मराठी बदलते, आवृत्ती क्रमांक आणि तारीख बदलते, समितीची मंजुरी पुन्हा लागते. अशा छोट्या दुरुस्तीला बरेच अनुवादक शब्दांप्रमाणे नाही, किमान आकार लावतात. तो किती, हे पहिल्याच कोटेशनमध्ये लिहून मागा.