शैक्षणिक कर्जाचे व्याज आणि आयकरातील वजावट : मुद्दल व व्याज वेगळे दाखविणाऱ्या प्रमाणपत्राचे महत्त्व

मुलामुलींच्या उच्च शिक्षणासाठी बँकेकडून कर्ज घेतलेल्या पालकांना दर महिन्याला खात्यातून एक ठराविक रक्कम वळती झालेली दिसते. ती रक्कम म्हणजे हप्ता. त्या हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती, हे खातेपुस्तकावरून सहसा सहज समजत नाही. आयकर कायद्याच्या दृष्टीने मात्र हा भेद फार महत्त्वाचा आहे. घरकर्जाच्या मुद्दलाला काही मर्यादेत वजावट मिळते, म्हणून शैक्षणिक कर्जाच्या मुद्दलालाही ती मिळत असावी, अशी अनेकांची समजूत असते. ही समजूत बरोबर नाही. शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत वजावट मिळते ती केवळ व्याजाला. मुद्दलाच्या एका रुपयालाही ती मिळत नाही.

कायद्याची तरतूद

आयकर अधिनियम, १९६१ मधील कलम ८०-ई अन्वये ही वजावट देण्यात येते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू होणाऱ्या आयकर अधिनियम, २०२५ मध्येही ती कायम ठेवण्यात आली आहे. वजावट मिळते ती व्यक्तीला. अविभक्त हिंदू कुटुंबाला नव्हे. कर्ज स्वतःच्या, पती अथवा पत्नीच्या, मुलांच्या किंवा ज्याचे आपण कायदेशीर पालक आहोत अशा विद्यार्थ्याच्या उच्च शिक्षणासाठी घेतलेले असावे. भाऊ, बहीण किंवा पुतण्या यांच्यासाठी घेतलेले कर्ज, कायदेशीर पालकत्व नसेल तर, यात बसत नाही.

उच्च शिक्षण म्हणजे उच्च माध्यमिक परीक्षा, म्हणजेच बारावी किंवा तत्सम परीक्षा, उत्तीर्ण झाल्यानंतरचा अभ्यासक्रम. तो देशातील असो वा परदेशातील, पदवीचा असो वा व्यावसायिक, वजावट मिळते. दहावीनंतर लगेच प्रवेश घेतलेल्या अभ्यासक्रमाचे कर्ज मात्र या व्याख्येत येत नाही. कर्ज बँकेकडून, केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या वित्तीय संस्थेकडून किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेकडून घेतलेले असले पाहिजे. गावच्या पतसंस्थेकडून, नोकरीच्या ठिकाणाहून किंवा नातलगांकडून घेतलेल्या उसनवारीवरील व्याज कितीही प्रामाणिकपणे शिक्षणासाठी खर्च झाले असले, तरी त्याला ही वजावट नाही.

व्याजाच्या रकमेला कमाल मर्यादा नाही. मर्यादा आहे ती काळाची. करदाता ज्या वर्षी व्याज भरण्यास प्रारंभ करतो ते वर्ष आणि त्यापुढील सात वर्षे, अशी एकूण आठ वर्षे, किंवा व्याज पूर्ण फिटेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतच वजावट मिळते.

एक उदाहरण

एका प्राध्यापकांच्या मुलीने अभियांत्रिकी शिक्षणासाठी २०२० साली बँकेकडून सहा लाख रुपयांचे कर्ज घेतले, वडील सहकर्जदार झाले, असे समजू. दरवर्षी एप्रिलमध्ये दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत ही रक्कम महाविद्यालयाला मिळाली. व्याजाचा दर सरसकट दहा टक्के धरू. शिक्षणाची चार वर्षे व नंतरचे एक वर्ष हप्ता नव्हता. या काळात बँकेने सरळव्याज आकारले. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे ७५,००० रुपये, दुसऱ्यावर ६०,०००, तिसऱ्यावर ४५,००० आणि चौथ्यावर ३०,००० असे एकूण २,१०,००० रुपये व्याज साचले. ते कोणीच भरले नाही. एप्रिल २०२५ मध्ये बँकेने ते मुद्दलात मिळविले आणि ८,१०,००० रुपयांवर दहा वर्षांचा हप्ता बांधून दिला. हा हप्ता दरमहा १०,७०४ रुपये येतो. तो वडील आपल्या पगारातून भरू लागले.

मार्च २०२६ अखेर बारा हप्त्यांचे मिळून १,२८,४४८ रुपये भरले गेले. यांपैकी व्याज ७८,७६४ रुपये आणि मुद्दल ४९,६८४ रुपये. वजावट मिळेल ती पहिल्या रकमेला. प्रमाणपत्राअभावी कोणी सगळीच रक्कम व्याज म्हणून दाखविली, तर सुमारे पन्नास हजारांची वजावट चुकीची ठरेल आणि तपासणीत त्यावरील कर व्याजासह भरावा लागेल.

जुनी करप्रणाली की नवी?

ही वजावट केवळ जुन्या करप्रणालीत मिळते. नवी प्रणाली आता आपोआप लागू होणारी आहे. जुनी हवी असल्यास ती विहित मुदतीत विवरणपत्र भरून निवडावी लागते. शिवाय २०२५-२६ या वित्तीय वर्षापासून नव्या प्रणालीत बारा लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर, विशेष दराने करपात्र असलेले उत्पन्न वगळता, कर उरत नाही. पगारदाराच्या बाबतीत प्रमाणित वजावट धरून ही रक्कम पावणेतेरा लाख होते. एवढ्या उत्पन्नाच्या पगारदाराला शैक्षणिक कर्जाच्या वजावटीचा प्रत्यक्ष लाभ बहुधा नाही.

आपल्या उदाहरणातील प्राध्यापकांचा पगार वर्षाला सोळा लाख आहे. नव्या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन त्यांना उपकरासह १,१३,१०० रुपये कर येतो. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट, घरकर्जाचे व्याज, भविष्य निर्वाह निधी, आरोग्य विमा आदी मिळून त्यांच्या सहा लाखांच्या वजावटी होतात. शैक्षणिक कर्ज सोडून हिशेब केला तर कर १,१७,००० रुपये येतो, म्हणजे नवी प्रणाली बरी ठरते. त्यात ७८,७६४ रुपये व्याजाची वजावट धरली की कर १,००,६१८ रुपयांवर येतो आणि जुनी प्रणाली १२,४८२ रुपयांनी स्वस्त पडते. कोणती प्रणाली निवडावी हा निर्णयच येथे बँकेच्या प्रमाणपत्रातील एका आकड्यावर अवलंबून आहे.

प्रमाणपत्र कसे मिळवावे?

कर्जखाते ज्या शाखेत असेल तेथे लेखी अर्ज करावा. अनेक बँकांच्या इंटरनेट सेवेतूनही ते काढता येते. नोकरदारांना हे प्रमाणपत्र दोनदा लागते. कार्यालयाला पगारातून करकपात करण्यासाठी डिसेंबर-जानेवारीत पुरावा हवा असतो. त्या वेळी बँक उरलेल्या हप्त्यांचा अंदाज धरून तात्पुरते प्रमाणपत्र देते. विवरणपत्र मात्र ३१ मार्चनंतरच्या अंतिम प्रमाणपत्रावरूनच भरावे, कारण मधल्या काळात हप्ता चुकला किंवा व्याजदर बदलला तर दोन्ही आकडे वेगळे येतात.

प्रमाणपत्रात कर्जदार व सहकर्जदार यांची नावे, खाते क्रमांक, कर्जमंजुरीचा दिनांक, कर्जाचे प्रयोजन, मंजूर रक्कम, वित्तीय वर्ष, वर्षभरात भरलेले व्याज, भरलेले मुद्दल आणि ३१ मार्चची बाकी या गोष्टी असाव्यात. २०२५-२६ या करनिर्धारण वर्षापासून विवरणपत्राच्या संबंधित परिशिष्टात बँकेचे नाव, खाते क्रमांक, मंजुरीचा दिनांक, एकूण कर्ज, वर्षअखेरची बाकी आणि व्याज हा तपशील द्यावा लागतो. हप्ता चुकल्याबद्दलचा दंडात्मक आकार वेगळा दाखवून घ्यावा. तो व्याजात मिळवू नये. वर्षाच्या मध्यात कर्ज दुसऱ्या बँकेकडे वर्ग केले असेल तर दोन्ही बँकांची प्रमाणपत्रे घ्यावीत. विवरणपत्राला प्रमाणपत्र जोडावयाचे नसते, परंतु विचारणा झाल्यास सादर करण्यासाठी ते जपून ठेवावे.

आकडा पडताळून पाहावा

प्रमाणपत्र हाती येताच एक साधी वजाबाकी करावी. वर्षारंभीच्या बाकीतून वर्षअखेरची बाकी वजा केली की भरलेले मुद्दल मिळते. उदाहरणात ८,१०,००० मधून ७,६०,३१६ वजा केले की ४९,६८४ उरतात. हे मुद्दल वर्षभरात भरलेल्या एकूण रकमेतून वजा केले की व्याज येते. ताळा जमला नाही, तर बहुधा आकारलेले व्याज आणि भरलेले व्याज यांची गल्लत झालेली असते. बँक खात्यात दरमहा व्याज नावे टाकते; हप्ता चुकला तरी ते टाकलेच जाते. वजावट मिळते ती मात्र प्रत्यक्ष भरलेल्या व्याजाला. म्हणून प्रमाणपत्रात ‘आकारलेले व्याज’ असे शब्द असतील तर शाखेत जाऊन ‘भरलेले व्याज’ किती, हे लिहून घ्यावे. केंद्र शासनाच्या व्याज अनुदान योजनेखाली शासनाने बँकेला दिलेली रक्कमही कर्जदाराने आपल्या उत्पन्नातून भरलेली नसते. तिची वजावट मागता येत नाही.

साचलेल्या व्याजाचा प्रश्न

उदाहरणातील २,१०,००० रुपये खरे पाहता व्याजच होते. परंतु मुद्दलात मिळविल्यानंतर बँकेच्या हिशेबी ते मुद्दल झाले आणि पुढील प्रत्येक प्रमाणपत्रात ते मुद्दल म्हणूनच उतरते. ज्यांना शक्य आहे त्यांनी हे व्याज मुद्दलात जाण्यापूर्वी भरावे आणि पावतीवर व प्रमाणपत्रात ते व्याज म्हणूनच नोंदवून घ्यावे. त्या वर्षी त्याला वजावट मिळेल आणि पुढचा हप्ताही कमी बसेल. शिक्षणकाळातच व्याज भरणाऱ्यांना काही बँका व्याजदरात एक टक्का सवलतही देतात.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. पहिल्याच वर्षी थोडेसे व्याज भरले तरी करदात्याची आठ वर्षे तेव्हापासून मोजली जातात. शिक्षणाची व सवलतीची पाच वर्षे त्यात गेली, तर मोठ्या हप्त्यांच्या काळासाठी तीनच वर्षे उरतात. उलट, उदाहरणातील वडिलांनी एप्रिल २०२५ पासून प्रारंभ केल्यामुळे त्यांना मार्च २०३३ पर्यंत वजावट मिळेल. शेवटच्या दोन वर्षांतील सुमारे पंचवीस हजार रुपये व्याज तेवढे वजावटीबाहेर राहील. म्हणून शिक्षणकाळात किरकोळ रकमा भरण्यापूर्वी आपले उत्पन्न तेव्हा करपात्र आहे काय आणि आपण जुन्या प्रणालीत आहोत काय, हे पाहून निर्णय घ्यावा.

प्रमाणपत्र न मिळाल्यास

शाखेकडून दाद मिळत नसेल तर अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. हा सर्व काळ धरून अर्ज एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच देणे हिताचे ठरते. म्हणजे विवरणपत्राची मुदत जवळ येण्यापूर्वी प्रमाणपत्र हाती असेल आणि करप्रणालीची निवड अंदाजाने करावी लागणार नाही.