परिच्छेदातून तक्ता आणि तक्त्यातून सापडलेला पाऊस

साखळी स्पर्धेची बातमी वर्तमानपत्रात पुष्कळदा परिच्छेदाच्या रूपात येते. वाचताना ती समजल्यासारखी वाटते. पण चौथा संघ कोणता, असे कोणी विचारले की आपण पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागतो. अशा परिच्छेदाचा तक्ता कसा करावा आणि केलेला तक्ता बरोबर आहे की नाही हे कसे ओळखावे, ते आज आपण पाहू.

उदाहरणासाठी १९९२ सालची क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा घेऊ. ती ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत झाली. पुढचा परिच्छेद या पाठासाठी रचला आहे. त्यातील आकडे मात्र खरे आहेत.

“साखळीत नऊ संघ होते व प्रत्येक संघ इतर सर्वांशी एकेकदा खेळला. विजयाला दोन गुण होते. न्यूझीलंडने फक्त शेवटचा सामना गमावला व १४ गुण मिळवले. इंग्लंडने पाच सामने जिंकले, दोन गमावले. त्यांचे गुण ११. दक्षिण आफ्रिकेनेही तितकेच सामने जिंकले, पण तीन गमावल्यामुळे त्यांना १० गुण मिळाले. ऑस्ट्रेलिया व वेस्ट इंडीज यांनी निम्मे सामने जिंकले, निम्मे गमावले. गुण प्रत्येकी ८. पाकिस्तानचे विजय चार, पराभव तीन व गुण ९. भारत आणि श्रीलंका यांनी प्रत्येकी दोन सामने जिंकले, पाच गमावले व ५ गुण मिळवले. झिंबाब्वेला एकच विजय मिळाला, तो इंग्लंडवर. त्यांचे गुण २.”

प्रथम फक्त संघांची नावे एकाखाली एक लिहा आणि मोजा. नऊ भरली पाहिजेत. नावे परिच्छेदातील क्रमानेच लिहावीत. गुणांप्रमाणे क्रम लावण्याचे काम अगदी शेवटी करावे. दोन्ही कामे एकदम केली की एका संघाचा आकडा दुसऱ्याच्या ओळीत जातो.

आता रकाने भरा. जो आकडा परिच्छेदात सरळ दिला आहे तो शाईने लिहा, जो आपण काढला तो पेन्सिलीने. ‘खेळले’ हा आकडा कोठेच दिलेला नाही. पण नऊ संघांपैकी प्रत्येकाला प्रतिस्पर्धी आठ, म्हणून सर्वांसाठी ८. ‘तितकेच’ या शब्दासाठी मागचे वाक्य पाहावे लागते: ५. ‘निम्मे’ म्हणजे ४. जो आकडा ठाऊक नाही तेथे जागा कोरी सोडा, शून्य लिहू नका. शून्याचा अर्थ ‘एकही नाही’ असा होतो. कोऱ्या जागेचा अर्थ ‘अजून कळले नाही’.

झिंबाब्वेचे पराभव दिलेले नाहीत. आठातून एक वजा करून सात लिहिण्याचा मोह होईल. जरा थांबा. वजाबाकी तेव्हाच चालते, जेव्हा प्रत्येक सामना एक तर जिंकलेला किंवा हरलेला असतो. येथे गुण दोनच आहेत व एका विजयाचेच दोन होतात, म्हणजे आणखी कोठून गुण आलेले नाहीत. तेव्हा ७ लिहायला हरकत नाही. न्यूझीलंडचे ७ विजयही असेच पडताळून घ्या. शेवटी क्रम लावला की तक्ता असा दिसतो:

| संघ | खेळले | जिंकले | हरले | गुण |
|---|---|---|---|---|
| न्यूझीलंड | ८ | ७ | १ | १४ |
| इंग्लंड | ८ | ५ | २ | ११ |
| दक्षिण आफ्रिका | ८ | ५ | ३ | १० |
| पाकिस्तान | ८ | ४ | ३ | ९ |
| ऑस्ट्रेलिया | ८ | ४ | ४ | ८ |
| वेस्ट इंडीज | ८ | ४ | ४ | ८ |
| भारत | ८ | २ | ५ | ५ |
| श्रीलंका | ८ | २ | ५ | ५ |
| झिंबाब्वे | ८ | १ | ७ | २ |
| बेरीज | ७२ | ३४ | ३४ | ७२ |

शेवटची ओळ परिच्छेदात नव्हती, ती आपली आहे आणि तीच सर्वांत उपयोगी आहे. एका सामन्यात एक जिंकतो तेव्हा दुसरा हरतो, म्हणून ‘जिंकले’ व ‘हरले’ यांची बेरीज सारखीच यायला हवी. ती आली आहे. एकूण सामने ९ × ८ ÷ २ = ३६ आणि प्रत्येक सामना दोन ओळींत मोजला जातो, म्हणून ‘खेळले’ची बेरीज ७२. येथपर्यंत ठीक.

पण ३४ + ३४ = ६८. मग चार कोठे गेले?

ओळी आडव्या तपासा. इंग्लंड, पाकिस्तान, भारत व श्रीलंका यांचे विजय आणि पराभव मिळून सातच होतात. या चौघांचेच गुण विषम आहेत, म्हणजे विजयाच्या दोन-दोन गुणांखेरीज प्रत्येकाला एक सुटा गुण मिळाला आहे. चार अर्धे मिळून दोन सामने निकालाविना राहिले, हे आपल्याला केवळ आकड्यांवरून कळले. परिच्छेदात पावसाचा उल्लेखही नाही! त्या स्पर्धेत २८ फेब्रुवारीला मॅके येथे भारत–श्रीलंका सामना दोन चेंडूंनंतर पावसाने संपला आणि १ मार्चला ॲडलेडला इंग्लंड–पाकिस्तान सामना अर्धवट राहिला. म्हणून तक्त्यात ‘निकाल नाही’ असा पाचवा रकाना घालावा लागतो; या चार संघांपुढे १ व बाकीच्यांपुढे ०.

ॲडलेडला पाकिस्तानचा डाव ७४ धावांत आटोपला होता आणि इंग्लंडच्या १ बाद २४ धावा झाल्या असताना खेळ थांबला. तो सामना पाकिस्तान हरता तर त्यांचे गुण ८ राहिले असते. धावगतीत ऑस्ट्रेलिया त्यांच्या पुढेच होता, म्हणजे उपांत्य फेरीतील चौथी जागा ऑस्ट्रेलियाला मिळाली असती. प्रत्यक्षात पाकिस्तानने २५ मार्चला मेलबोर्न येथे इंग्लंडलाच हरवून विश्वचषक जिंकला. एवढा मोठा गुण ज्या रकान्यात बसतो, तोच आपल्या चार रकान्यांत नव्हता.

आता एक शंका. सात भरणारी ओळ दिसली की तेथे पाऊसच पडला असे समजायचे का? समजा, एखाद्याने दक्षिण आफ्रिकेचे विजय चुकून ४ लिहिले. ४ + ३ = ७, हुबेहूब पाकिस्तानसारखी ओळ! पण पाकिस्तानचे गुण ४ × २ + १ = ९ जुळतात; दक्षिण आफ्रिकेचे त्याच हिशेबाने ९ यायला हवेत आणि लिहिले आहेत १०. शिवाय ‘जिंकले’ची बेरीज ३३ होते, ‘हरले’ची ३४ राहते. बिघडलेली ओळ व बिघडलेला रकाना जेथे एकमेकांना छेदतात, नेमका तोच आकडा चुकलेला असतो. पाचव्या रकान्याची बेरीजही विषम येईल आणि ते शक्य नाही, कारण पाऊस पडला तर दोन्ही संघ भिजतात.

मात्र दोन संघांच्या पूर्ण ओळी एकमेकांच्या नावापुढे लिहिल्या गेल्या, तर यातील एकही कसोटी ओरडणार नाही. त्यासाठी मूळ परिच्छेदाशी एकदा ताडून पाहावेच लागते.

गुणांची बेरीज सामन्यांच्या दुप्पट आली, कारण येथे प्रत्येक सामना दोनच गुण वाटतो. ते एकाला मिळोत की दोघांत विभागोत. फुटबॉलमध्ये विजयाला तीन व बरोबरीला प्रत्येकी एक गुण असेल, तर बरोबरीचा सामना तीनऐवजी दोनच गुण वाटतो आणि बेरजेत एक कमी होतो. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकातील ‘ई’ गटात मेक्सिको, आयर्लंड, इटली व नॉर्वे या चारही संघांचे गुण ४ होते. सामने ६, त्यामुळे गुण १८ हवेत, आहेत १६. म्हणजे दोन सामने बरोबरीत सुटले. प्रत्येकाची ओळ तीन सामने, एक विजय, एक बरोबरी, एक पराभव अशीच आहे. पण बरोबरी कोणाची कोणाशी झाली, हे या तक्त्यातून कितीही बेरजा केल्या तरी निघणार नाही. त्यासाठी सामन्यांची यादीच हवी: इटली–मेक्सिको आणि आयर्लंड–नॉर्वे.