शेर एकाचा, नाव दुसऱ्याचं

गझलांच्या मैफलींचं निवेदन मी नागपुरात बरीच वर्षं करतो आहे. दोन गाण्यांच्या मध्ये शायराचं नाव सांगायचं, अवघड शब्दांचा अर्थ सांगायचा, एखादी आठवण सांगायची, असं ते काम. म्हणून ओळखीतल्या एका काकूंनी फोन करून विचारलं तेव्हा मी क्षणाचाही विलंब न करता उत्तर दिलं. त्यांचे यजमान गेल्याला वर्ष होत होतं आणि त्या आठवणींची छोटी पुस्तिका काढत होत्या. मेहदी हसन यांच्या आवाजातला एक शेर काकांना फार आवडायचा. न येण्याच्या सबबींचा उल्लेख असलेला तो शेर पहिल्या पानावर घालायचा होता, आणि खाली शायराचं नाव हवं होतं.

गाणं होतं ‘रंजिश ही सही’. मी म्हणालो, “अहमद फराज.” काकूंनी तसंच छापलं. तीनशे प्रती वाटल्या गेल्या.

आठवड्याभरात कामठीहून एका निवृत्त उर्दू शिक्षकांचा फोन आला. काका त्यांचे मित्र. आवाजात राग अजिबात नव्हता. “गझल फराजसाहेबांचीच आहे,” ते म्हणाले, “पण हा शेर त्यांचा नाही. त्यांचा ‘दर्द आशोब’ हा संग्रह काढून बघा. मेहदी हसनसाहेब मैफलीत तालिब बागपती यांचे दोन शेर त्यात घेत असत. हा त्यांतला एक.”

मी बघितलं. फराज यांच्या गझलेत तो शेर नाही. प्रेम लपवण्याविषयीचा आणखी एक शेर आपण सगळे फराज यांचा म्हणून गुणगुणतो, तोही त्यात नाही. एका शायराची ओळ दुसऱ्याच्या नावावर गेली होती, आणि तीही एका माणसाच्या स्मृतीसाठी काढलेल्या पुस्तिकेत. हे मला फार लागलं. तेव्हापासून शायर शोधायची पद्धत मी मुळापासून बदलली. ज्यांच्या हाती फक्त गायकाचं नाव आणि एक शेर असतो, त्यांच्यासाठी ती इथे लिहितो आहे.

माझी चूक कुठे झाली? मी गाण्याचा शायर सांगितला, शेराचा नाही. गझलेतला प्रत्येक शेर अर्थाने स्वतंत्र असतो, म्हणून गायकाला मोकळीक असते. छापील गझलेत सात-आठ शेर असतील तर तो चार-पाच निवडतो, क्रम बदलतो, अवघड शब्दाच्या जागी सोपा घालतो, आणि कधी त्याच चालीत बसणारा दुसऱ्याचा शेर मध्ये गुंफतो. मैफलीत हे रीतीला धरूनच आहे. पण कॅसेटच्या कागदावर एका गाण्यापुढे एकच नाव छापत असत, आणि पुढे सगळीकडे तेच नाव उतरत गेलं. ‘रंजिश ही सही’ तर निसार बज़्मी यांच्या संगीतात ‘मुहब्बत’ या 1972च्या पाकिस्तानी चित्रपटातही आलं. गाणं घरोघरी गेलं आणि त्यातल्या सगळ्या शेरांवर फराज यांचा शिक्का बसला.

आता पहिलं काम मी कागद-पेन घेऊन करतो. शेर ऐकू येईल तसा देवनागरीत उतरवतो आणि ज्या शब्दाची खात्री नाही त्याखाली रेघ ओढतो. मग शेवटाकडून वाचतो. दुसऱ्या ओळीच्या शेवटी न बदलता येणारे शब्द म्हणजे रदीफ, त्याच्या आधीचा यमकाचा शब्द म्हणजे काफिया. या गझलेत रदीफ ‘के लिए आ’ आणि काफिया ‘आने’ या ध्वनीचा: मनाने, ज़माने असे शब्द. दोन्ही ओळींच्या शेवटी रदीफ असेल तर तो बहुधा मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, आणि मग शोध सोपा, कारण संग्रहांच्या अनुक्रमणिकेत गझल पहिल्या ओळीनेच नोंदलेली असते. काकूंच्या शेरात रदीफ फक्त दुसऱ्या ओळीत होता, म्हणजे मधला शेर. अनुक्रमणिकेत तो सापडणारच नव्हता.

मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, शायराचं तखल्लुस सापडेल ही आशा असते. पण गायक मक्ता पुष्कळदा गाळतात, आणि ‘रंजिश ही सही’त तर फराज यांनी स्वतःचं नाव गुंफलेलंच नाही. तखल्लुस दिसलं तरी जपून. दर्द, सोज़, साहिर, फराज हे सगळे भाषेतले साधे शब्दही आहेत. छापील उर्दूत तखल्लुसावर एक लहानशी वळणदार खूण काढलेली असते, त्यामुळे तिथे नाव कोणतं आणि शब्द कोणता हे लगेच कळतं. देवनागरीत काही छापणारे ते अवतरण चिन्हांत घालतात, काही घालत नाहीत. नुसत्या कानाला मात्र हा फरक कळत नाही.

नंतर वृत्त. सुरेश भटांच्या ‘गझलेची बाराखडी’मुळे आपल्याकडे लगावलीत मोजायची सवय आहे, तिचा इथे चांगला उपयोग होतो. या गझलेचं वृत्त गागाल लगागाल लगागाल लगागा. मराठी कानाला एक ठेच हमखास लागते: रदीफातला ‘के’ लिहिताना दीर्घ, पण म्हणताना लघु. उर्दूत अशी सूट सर्रास घेतात. ती ध्यानात ठेवून मोजलं तर चुकीचा ऐकलेला शब्द चटकन उघडा पडतो, कारण त्या जागी ओळ लंगडते. रेघ ओढलेले निम्मे शब्द माझे इथेच सुटतात.

मात्र नेमक्या याच पायरीवर माणूस फसतो. वृत्त जुळलं, रदीफ जुळला, काफिया जुळला, म्हणजे शायर तोच, असं वाटू लागतं. वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून जी होते तिला गझलेची ज़मीन म्हणतात, आणि एकाच ज़मीनीत अनेक शायरांनी लिहिण्याची परंपरा जुनी आहे. तरही मुशायऱ्यात तर एक ओळ सगळ्यांना देऊन त्याच ज़मीनीत गझला लिहून घेत. ‘आने’चा काफिया इतका मुबलक आहे की त्यात कोणीही सहज लिहू शकतो. ज़मीन एक असल्याशिवाय दुसऱ्याचा शेर त्या चालीत बसणारच नाही. म्हणजे ज्या जुळणीला मी पुरावा समजत होतो, तिच्यामुळेच तर शेरांची सरमिसळ शक्य होते.

म्हणून निर्णय छापील गझलेवर. ज्याचं नाव सांगितलं जातं त्या शायराची ती गझल संग्रहात पूर्ण वाचायची आणि आपला शेर तिथे बोट ठेवून शोधायचा. जुन्या शायरांच्या बाबतीत हे काम वाटतं तितकं कठीण नाही. पारंपरिक दीवानात गझला रदीफाच्या शेवटच्या अक्षरानुसार, उर्दू वर्णमालेच्या क्रमाने लावलेल्या असतात. शेवट ‘आ’ने होत असेल तर गझल दीवानाच्या सुरुवातीच्या भागात, अलिफखाली. मीर किंवा गालिब यांच्याविषयी शंका असेल आणि उर्दू वाचणारं कोणी शेजारी बसलं असेल, तर मधला शेरसुद्धा हाती लागतो. आधुनिक संग्रहांत हा क्रम नसतो, तिथे अनुक्रमणिकेत रदीफ आणि काफिया जुळणाऱ्या पहिल्या ओळी बघत जावं लागतं.

उर्दू लिपी येत नसेल तर rekhta.org वर देवनागरीत शोधता येतं, आणि तिथे जुन्या पुस्तकांची पानंही पाहायला मिळतात. पूर्ण ओळ टाकू नये. एक शब्द गायकाने बदललेला असला की शोध फसतो, शिवाय मोहब्बत-मुहब्बत, लिए-लिये अशी रूपं वेगळी पडतात. काफियाचा शब्द आणि रदीफ एवढंच टाकावं आणि येतील त्या सगळ्या गझला वाचाव्यात, फक्त आपल्या मनातल्या शायराच्या नव्हे. ही पायरी मी केली असती तर फराज यांच्या पानावर शेर नाही हे पाच मिनिटांत दिसलं असतं.

इंटरनेटवर शंभर ठिकाणी एकच नाव दिसलं तरी ते शंभर साक्षीदार धरू नयेत. बहुतेकांनी एकमेकांचं उतरवलेलं असतं, आणि ते ओळखायची सोपी खूण आहे: शेरांचा क्रम बघा. छापील गझलेचा क्रम सोडून गायकाचा क्रम जिथे दिसेल, तिथे मजकूर गाणं ऐकून उतरवलेला आहे. पुस्तक उघडलेलं नाही. अशा पानावरचं नाव म्हणजे कॅसेटवरचंच नाव.

काही वेळा पुस्तकांपर्यंत जाऊनही वाद मिटत नाही. ‘लाल किला’ या 1960च्या चित्रपटात रफींनी गायलेली, डोळ्यांच्या प्रकाशाचा उल्लेख असलेली गझल बहादुरशाह जफर यांची म्हणून सर्वत्र सांगतात. चित्रपटाचा विषयच असा की दुसरं नाव मनात येत नाही. पण ती मुज़्तर खैराबादी यांची आहे, असं सांगणारे जाणकार आहेत. अशा ठिकाणी मी निवेदनात दोन्ही नावं घेतो. श्रोत्यांना ते खटकत नाही. आणि काहीच हाती लागलं नाही तर “गायक अमुक, शायर माहीत नाही” एवढंच सांगतो. शेर फार चांगला आहे म्हणून त्याला गालिब किंवा फराज यांचं नाव लावून टाकणं, हे त्या मोठ्या शायरांवरही अन्याय करतं आणि ज्याची ती एकच ओळ लोकांच्या ओठांवर आहे त्या शायराचं सर्वस्व काढून घेतं. तालिब बागपती हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं? त्यांचा शेर मात्र आपण सगळ्यांनी ऐकला आहे.

मी काकूंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या काही वेळ गप्प बसल्या, मग आतून उरलेल्या प्रती घेऊन आल्या. चाळीसेक असतील. काळं पेन काढून त्यांनी पहिल्या पानावरचं नाव खोडलं आणि शेजारी ‘तालिब बागपती’ लिहिलं. “यांना चुकीचं नाव चाललं नसतं,” एवढंच म्हणाल्या. अर्ध्या प्रती त्यांनी माझ्यापुढे सरकवल्या, आणि आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत तेच नाव लिहीत बसलो.