भेगाळलेल्या हातांना कोणतं क्रीम?

अतिदक्षता विभागात नर्स म्हणून रुजू झाले आणि दुसऱ्याच हिवाळ्यात माझ्या बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या. सुरुवात बोटांच्या बेचक्यांतून झाली होती. तिथला साबण नीट निघत नाही, ओल पुसली जात नाही, म्हणून त्रास बहुधा तिथेच आधी दिसतो. मग लाली आली, सालं निघू लागली आणि मूठ वळली की कातडी चिरायची. बेसिनशेजारी सुवासिक लोशनची बाटली असायची, तीच आम्ही सगळ्या जणी वापरायचो. दहा मिनिटं हात मऊ राहायचे, पुन्हा धुतले की पुन्हा ओढल्यासारखे. चिरलेल्या कातडीवर हँडरब पडला की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून बऱ्याच जणी हँडरब टाळून दर वेळी साबणानेच धुवायच्या.

त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं, की नुकसान नेमकं तिथेच होत होतं. कातडीच्या वरच्या थरात पेशींच्या मधे स्निग्धांश असतो, तोच आतली ओल धरून ठेवतो. साबण आणि पाणी हा स्निग्धांश विरघळवून बेसिनमध्ये वाहून नेतात, आणि पाणी गरम असेल तर आणखी जास्त. हँडरबमधलं अल्कोहोलही तो थोडा सुटा करतं, पण आपण हात धूत नसल्यामुळे तो हातावरच राहतो. शिवाय हँडरबमध्ये बहुधा ग्लिसरीन घातलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ते 1.45 टक्के आहे. झोंबतं ते भेग उघडी असते म्हणून. झोंबलं म्हणजे ॲलर्जी झाली असं नाही. त्यामुळे हात डोळ्यांना स्वच्छ दिसत असतील तर हँडरब घ्या. रक्त, घाण लागली असेल, शौचालयातून आला असाल किंवा जुलाबाच्या रुग्णाला हात लावला असेल तर साबण-पाणी हवंच. पण साबणाने धुऊन लगेच वर हँडरब चोळायचा, ही सवय सोडा.

आता क्रीमचं. लोशनमध्ये पाणी जास्त आणि स्निग्धांश कमी असतो, म्हणून ते पटकन मुरतं आणि पटकन जातंही. भेगा पडल्या की दाट क्रीम किंवा मलम लागतं. वेष्टनावर व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, लिक्विड पॅराफिन किंवा डायमेथिकोन लिहिलंय का पाहा. हे पदार्थ वर थर धरून ओल उडू देत नाहीत. जोडीला ओल धरणारं ग्लिसरीन असेल तर उत्तम. युरिया असलेलं क्रीम जाड, खरखरीत कातडीला चांगलं, पण ताज्या भेगेत झोंबतं. भेग मिटल्यावरच ते घ्यावं. परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स हा शब्द दिसला तर ट्यूब परत ठेवा, कारण चिरलेल्या कातडीतून सुगंधी द्रव्यं आत शिरतात आणि त्यांची ॲलर्जी जडू शकते. ‘हर्बल’ लिहिलेल्या क्रीममध्येही सुगंधी तेलं असू शकतात, तेव्हा त्या शब्दावर जाऊ नका. आमच्या कोकणात टाचांच्या भेगांना लावतात ते कोकमाचं तेल, भिरंडेल, हातांनाही रात्री चालतं. ते थिजलेलं असतं, तळहातावर चोळून पातळ करून घ्यावं लागतं एवढंच.

सगळ्यात जास्त चुकतं ते प्रमाण. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरते. म्हणजे दोन्ही हातांना एका वेळी एक ग्रॅम. ड्युटीवर येताना, चहाच्या वेळी, जेवल्यावर, ड्युटी संपल्यावर, संध्याकाळी भांडी झाल्यावर आणि झोपताना असं सहादा लावलं तर दिवसाला सहा ग्रॅम झाले. 50 ग्रॅमची ट्यूब साधारण आठ दिवसांत संपते. तुमची ट्यूब दोन महिने पुरत असेल, तर क्रीम वाईट म्हणण्याआधी हा हिशेब करून पाहा. म्हणूनच महागडी छोटी ट्यूब नको. बिनवासाचं साधं पॅराफिनचं मलम मोठ्या ट्यूबमध्ये घ्या आणि हात टिपून किंचित ओलसर असतानाच लावा. रात्री जाडसर थर देऊन वर सुती हातमोजे घाला, सकाळी फरक कळतो.

नर्सिंगमध्ये एक सावधगिरी मात्र हवी. पॅराफिन किंवा तेलकट मलमाने लेटेक्सचे ग्लोव्हज कमकुवत होतात आणि नकळत फाटतात. म्हणून ड्युटीत पाण्यावर आधारलेलं क्रीम वापरा आणि तेलकट मलम ड्युटी संपल्यावर लावा. उघड्या तोंडाच्या डबीत सगळ्यांनी बोटं घालायची नाहीत, त्यातून जंतू पसरतात. ट्यूब किंवा पंपच हवा.

आमच्या वॉर्डातल्या एका मावशींना दुकानदाराने खाज-भेगांसाठी एक ट्यूब दिली होती. चार दिवसांत हात छान दिसले, थांबवलं की दुप्पट बिघडले. त्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र होतं. महिनोन्‌महिने लावल्यावर त्यांची कातडी पातळ झाली आणि मुळात नायटा होता तो स्टेरॉइडखाली लपून पसरत गेला. फक्त एकाच तळहाताला कोरडी सालं निघत असतील आणि पायांनाही तसंच असेल, तर नायट्याची शंका घ्या. स्टेरॉइड डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसांपुरतंच वापरायचं असतं, ते हातांचं रोजचं क्रीम नव्हे.

माझी नणंद मेस चालवते. तिने सगळं बरोबर केलं, क्रीम भरपूर लावलं, भांडी घासताना सुती अस्तराचे ग्लोव्हज घातले, तरी डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं टोकांना चिरतच राहिली. ती उजव्या हाताने सुरी धरते. डाव्या हाताच्या त्याच तीन बोटांत लसणाची पाकळी असते. डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली. यात संशयित पदार्थ पाठीवर चिकटवतात, 48 तासांनी काढून पाहतात आणि नंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. लसणाची ॲलर्जी निघाली. आता लसूण दुसरीच बाई सोलते आणि बोटं बरी आहेत. अशा वेळी कितीही चांगलं क्रीम लावलं तरी कारण हातात येतच राहतं. चार आठवडे नीट प्रमाणात मलम लावूनही भेगा एका ठरावीक जागी परत येत असतील, तर पॅच टेस्टबद्दल विचारा. भेगेतून पू, पिवळी खपली किंवा ठणका असेल तर थांबू नका. स्वयंपाक करणाऱ्यांनी तर उघडी भेग पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाकल्याशिवाय अन्नाला हात लावू नये, कारण त्यातले जंतू जेवणात जाऊन लोकांना उलट्या होऊ शकतात.

हात दिसायला बरे झाले तरी आतला थर पूर्ववत व्हायला काही महिने जातात, तेव्हा क्रीम लगेच बंद करू नका. आणि वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना, मेस-हॉटेलच्या मालकांना माझी विनंती आहे: साबणाचा खर्च करता तसाच बेसिनशेजारी बिनवासाच्या क्रीमचा एक पंपही ठेवा.