सुवेळा माचीवरचा खोटा सूर्यास्त

राजगडावरच्या माझ्या एका फोटोची वीस बाय तीस इंचाची प्रिंट आम्ही काही मित्रांनी भरवलेल्या छोट्या प्रदर्शनात लावली होती. बालेकिल्ल्यावरून दिसणारी सुवेळा माची, कडेनं सोनेरी झालेली, मागे क्षितिजावर केशरी झळाळी. खाली नाव होतं, ‘राजगडावरची संध्याकाळ’. लोक थांबून बघत होते. गुंजवण्याचे एक काका मात्र बराच वेळ प्रिंटसमोर उभे राहिले आणि मला हळूच बाजूला घेऊन म्हणाले, “दादा, सुवेळा पूर्वेची माची. तिकडं सूर्य उगवतो, मावळत नाही.”

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. फोटो मी नोव्हेंबरच्या मध्यावर, दुपारी साडेबाराच्या सुमारास काढला होता. पांढरट आकाश, सपाट कातळ, झाडांखाली काळेकुट्ट ठिपके. घरी येऊन लाइटरूममध्ये त्यावर केशरी ग्रेडियंट ओढला, सगळा फोटो उबदार केला आणि त्याला संध्याकाळ म्हटलं. काका गेल्यावर मी सावल्या पाहिल्या. फोटो पूर्वेकडे तोंड करून काढलेला, म्हणजे दक्षिण माझ्या उजवीकडे. त्या वेळी सूर्य दक्षिणेला होता आणि सगळ्या सावल्या डावीकडे पडल्या होत्या. मी झळाळी दाखवली होती समोर. प्रकाश समोरून येत असता, तर सावल्या कॅमेऱ्याच्या दिशेनं यायला हव्या होत्या. त्यामुळे त्या फोटोला सकाळ म्हणून वाचवणंही शक्य नव्हतं.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. रंगाला हात लावण्याआधी सावली कुठे पडली आहे ते बघायचं आणि सूर्य तिच्या विरुद्ध बाजूलाच ठेवायचा. दिशा जुळत नसेल, तर तो फोटो दुपारचाच राहू द्यायचा.

सुदैवानं पहिला फोटो काढला त्याच दिवशी, गड उतरण्याआधी, अडीच वाजता, मी तिथूनच आणखी एक फोटो काढला होता. तेव्हा सूर्य नैर्ऋत्येला सरकला होता. नोव्हेंबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य नेमका पश्चिमेला नाही, तर दक्षिणेकडे कललेला मावळतो. म्हणजे अडीचचा सूर्य आणि मावळतीचा सूर्य दोन्ही माझ्या पाठीमागे, उजव्या हाताला. दोघांच्या दिशेत तीसेक अंशांचा फरक होता. एवढा फरक खपून जातो. हा फोटो मी पुन्हा करायला घेतला.

पहिलं काम उजेड खाली आणण्याचं. एक्सपोजर अर्ध्या स्टॉपनं कमी केलं, हायलाइट्स उणे साठपर्यंत नेले. मगच उबदारपणाकडे वळलो, आणि तोही सगळ्या फोटोला दिला नाही. माझी मूळ चूक इथेच होती. संध्याकाळी पिवळा होतो तो उन्हात असलेला भाग. सावलीवर थेट ऊन नसतं, तिला उजेड मिळतो वरच्या निळ्या आकाशाचा, म्हणून ती निळसर राहते. सगळाच फोटो पिवळा केला की ऊन आणि सावली यांतलं अंतर मिटतं आणि चहा सांडल्यासारखा एकच डाग दिसतो.

म्हणून उजवीकडून एक लीनियर ग्रेडियंट आत आणला आणि इंटरसेक्ट वापरून त्याला ल्युमिनन्स रेंज जोडली, म्हणजे त्या पट्ट्यातला फक्त उजळ भाग निवडला जातो. आकाश त्यातून वजा केलं. आता टेम्परेचर वीसनं वाढवलं, एक्सपोजर किंचित वर. माचीचा कातळ आणि वाळत आलेलं गवत उबदार झालं, घळी तशाच राहिल्या.

दुसरा ग्रेडियंट खालून, डाव्या कोपऱ्यातून. संध्याकाळी सावली आधी दरीत भरते आणि मग वर चढत जाते. शेवटचं ऊन माचीच्या धारेवर उरतं. गडावर संध्याकाळ काढलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे, पण फोटोत मात्र बहुतेक जण खालची दरी दुपारसारखीच लख्ख ठेवतात. मी खालचा भाग पाऊण स्टॉप गडद केला आणि टेम्परेचर आठनं निळ्याकडे नेलं. फोटो पालटला तो इथे.

आकाशाला केशरी लावलं नाही. सूर्य पाठीमागे असताना समोरचं आकाश पेटत नाही. वर फिकट निळं आणि क्षितिजाजवळ धुरकट, जरासं गुलाबी असतं. निळ्याचं सॅच्युरेशन वीसनं उतरवलं, तेवढं पुरलं. हिरव्याचा ह्यू थोडा पिवळ्याकडे सरकवला. शेवटी कलर ग्रेडिंगमध्ये हायलाइट्सना ह्यू ४०, सॅच्युरेशन १५ आणि शॅडोजना ह्यू २२५, सॅच्युरेशन ८ दिलं. हे आकडे माझ्या फोटोचे आहेत. तुमच्या फोटोत ते बदलतील, पण सावलीचं सॅच्युरेशन उन्हापेक्षा कमीच ठेवा.

मग झाडांखालचे ठिपके. दुपारची सावली झाडापासून फार लांब जात नाही. ब्रशनं ती थोडी उजळ केली आणि झाडाच्या डावीकडे, पुढच्या बाजूला, मऊ कडेचा लांबट गडदपणा दिला. लांबून हे चालतं, जवळच्या वस्तूला चालत नाही. कारण साधं आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर भर दुपारी उभ्या माणसाची सावली सव्वा मीटरच्या आसपास असते. सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर आला की तीच सोळा मीटर होते. एवढी सावली हातानं रंगवून पटत नाही. समोर माणूस, खांब किंवा तटबंदीची कड असेल, तर तो फोटो सोडून द्या.

बिघडल्याच्या खुणा तीन. कातळाचा पोत जाऊन केशरी सपाट ठिगळ दिसलं, तर लाल चॅनल जळाला आहे. उबदार करताना आधी तोच जळतो. `J` दाबून बघा आणि एक्सपोजर उतरवा. डोंगराच्या कडेला उजळ रेघ उमटली, तर मास्क कडेवर नीट बसलेला नाही. आकाशात पट्टे दिसले, तर बहुधा जेपीईजीवर काम झालं आहे. म्हणून सुरुवात रॉ फाइलवरून करा आणि प्रिंटसाठी सोळा बिटांची टिफ काढा.

एवढं करूनही जे मिळतं, ते संध्याकाळच्या जवळपास जाणारं असतं. तिरप्या उन्हात गवताच्या पात्यापात्याची आणि दगडाच्या खडबडीची जी सावली उठते, ती दुपारच्या फाइलमध्ये मुळात नसते, त्यामुळे ती कुठल्याही स्लायडरनं येत नाही. म्हणून नव्या प्रिंटखाली मी लिहिलं, ‘सुवेळा माची, दुपारी अडीच, प्रकाश नंतर बदललेला’. तुम्हीही लिहा. गडाखाली राहणाऱ्या माणसाला त्याचा सूर्य कुठे उगवतो आणि कुठे मावळतो, हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.